भू-तपासणी कंपनीतील पहिल्या नोकरीसाठीचे पत्र

इमारत, पूल किंवा पाण्याची टाकी बांधण्यापूर्वी त्या जागेवर बोअर घेऊन माती आणि खडकाचे नमुने काढतात, त्यांच्या चाचण्या करतात आणि पाया किती खोलीवर, किती भारासाठी घ्यावा याचा अहवाल तयार करतात. हे काम करणाऱ्या कंपन्यांना बांधकामाच्या व्यवसायात ‘सॉइल टेस्टिंगवाले’ म्हणतात. सिव्हिलची पदवी नुकतीच मिळालेला उमेदवार अशा कंपनीत ज्युनिअर इंजिनिअरच्या जागेसाठी अर्ज करतो, तेव्हा बायोडेटासोबत एक पानाचे पत्र जोडतो. नव्या पदवीधरांचे बायोडेटे जवळपास एकसारखे असतात. विषय तेच, प्रयोगशाळा तीच, सॉफ्टवेअरची यादीही तीच. त्यामुळे उमेदवारांमधला फरक कळण्याची पहिली जागा म्हणजे हे पत्र.

पत्रात काय लिहावे हे ठरवायचे, तर या नोकरीत पहिले वर्ष-दीड वर्ष काय करावे लागते ते आधी माहीत हवे. नव्या इंजिनिअरला कोणी लगेच अहवाल लिहायला बसवत नाही. त्याला बोअरवर पाठवतात. तिथे ड्रिलर, दोन-तीन हेल्पर, ड्रिलिंग मशीन, पाण्याचा टँकर आणि नमुन्यांच्या पिशव्या असतात. जमिनीखाली काय लागले, किती खोलीवर लागले, पाणी कुठे आले, नमुना कुठला घेतला, याची नोंद तिथल्या तिथे कागदावर उतरवणे हे ज्युनिअरचे मुख्य काम. या नोंदीला फील्ड लॉग म्हणतात. पुढे ऑफिसात बसून जो अहवाल लिहिला जातो, पायाचे जे आकडे काढले जातात, त्या सगळ्याचा आधार हा कागद असतो.

या कामातली रोजची चाचणी म्हणजे एसपीटी, अर्थात स्टँडर्ड पेनिट्रेशन टेस्ट. आयएस २१३१ या मानकात तिची पद्धत दिलेली आहे. बोअर ठरलेल्या खोलीपर्यंत नेऊन तळ साफ करतात. रॉडच्या टोकाला लांबीत दुभंगणारी पोलादी नळी लावून ती तळावर टेकवतात. मग ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटर उंचीवरून रॉडच्या माथ्यावर पुन्हा पुन्हा सोडतात. नळी पहिले १५ सेंटिमीटर, मग पुढचे १५ आणि त्यानंतरचे १५ सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागले ते वेगवेगळे मोजतात. पहिल्या टप्प्यातली माती बोअर घेताना विस्कटलेली असू शकते, म्हणून ते ठोके धरत नाहीत. पुढच्या दोन टप्प्यांची बेरीज म्हणजे ‘एन’ हा आकडा. ठोके ४, ७ आणि ९ आले, तर एन १६.

चाचणी दिसायला सोपी आहे, पण ती बिघडायच्या जागा अनेक आहेत. दोर आणि विंचवर हातोडा उचलत असतील, तर दिवसअखेर थकलेला माणूस तो पूर्ण ७५ सेंटिमीटर उचलत नाही. ठोका हलका पडतो, ठोक्यांची संख्या वाढते आणि माती आहे त्यापेक्षा घट्ट भासते. पाण्याखालच्या वाळूत उलटे घडते. बोअरमधली पाण्याची पातळी आजूबाजूच्या भूजलापेक्षा खाली गेली, की बाहेरचे पाणी तळातून आत शिरते, वाळू उकळल्यासारखी वर येते, तळ सैल होतो आणि एन कमी येतो. तिसरी जागा म्हणजे तळाशी बसलेला गाळ. तो नीट काढला नाही, तर नळी मूळ मातीऐवजी गाळात घुसते. हे ओळखण्याची खूण सोपी आहे. चाचणीपूर्वी रॉडची लांबी मोजून बोअरच्या खोलीशी ताडून पाहायची. बोअर ६ मीटर घेतलेला आणि नळी ५.६ मीटरवरच टेकत असेल, तर मधले ४० सेंटिमीटर म्हणजे गाळ किंवा वर आलेली वाळू. अशा वेळी चाचणी थांबवून तळ पुन्हा धुवावा लागतो. थांबवण्याचे हे काम ज्युनिअरचे असते, आणि समोर वीस वर्षे मशीन चालवलेला ड्रिलर असतो.

काम संपले की बोअर बुजवतात. मशीन दुसऱ्या जागी जाते. त्यानंतर त्या दिवशी खरोखर किती ठोके पडले होते हे पाहायची सोय उरत नाही. दुसरा बोअर घेता येतो, पण त्याचा खर्च आणि वेळ कोणी सहजासहजी देत नाही. म्हणून कंपनीला अशा माणसाची गरज असते, जो पाहिले तेवढेच लिहील, जे पाहिले नाही ते भरून काढणार नाही, आणि शंका आली तर शंका म्हणूनच नोंदवेल. उमेदवाराचे पत्र हा त्याच्या लिहिण्याचा पहिला नमुना असतो. पत्र वाचणारा ज्येष्ठ इंजिनिअर त्यात हीच सवय शोधतो. छोट्या आणि मध्यम कंपन्यांत तर हे पत्र थेट मालकाच्या किंवा मुख्य इंजिनिअरच्या हाती पडते.

बहुतेक पत्रे इथेच घसरतात. ‘मी मेहनती असून आपल्या नामांकित संस्थेत माझ्या ज्ञानाचा उपयोग करू इच्छितो’ हे वाक्य बँकेला, शाळेला किंवा औषध कंपनीलाही पाठवता येते. त्यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. त्याहून घातक असतो अर्धवट खरा दावा. ‘सॉइल टेस्टिंगचा अनुभव’ असे लिहिणाऱ्याने कॉलेजात आठ जणांच्या गटात उभे राहून प्रयोग पाहिलेला असतो, वही मात्र दुसऱ्याची उतरवलेली असते. मुलाखतीत ‘लिक्विड लिमिट काढताना कपातल्या खाचेची किती लांबी मिटली की ठोके मोजणे थांबवायचे?’ असा एक साधा प्रश्न आला, की उत्तर सुचत नाही. ज्याने ते उपकरण स्वतःच्या हाताने फिरवले आहे, तो सुमारे १२ मिलिमीटर म्हणून सांगतो. उत्तर चुकणे ही लहान गोष्ट आहे. पत्रात न केलेले काम लिहिले होते हे उघड होणे ही मोठी.

म्हणून पत्र लिहायला बसण्यापूर्वी उमेदवाराने आपल्या हातातला माल तीन ढिगांत वेगळा करावा. स्वतः केलेले, दुसऱ्याला करताना पाहिलेले आणि पुस्तकात वाचलेले. पत्रात पहिल्या ढिगातले काम ठळकपणे यावे, दुसऱ्यातले ‘पाहिले’ हा शब्द वापरून यावे. तिसऱ्या ढिगाला पत्रात जागाच नाही, तो पदवी प्रमाणपत्रातच आलेला असतो.

समजा, सांगली जिल्ह्यातील एका कॉलेजमधून बीई झालेली मुलगी नवी मुंबईतल्या एका भू-तपासणी कंपनीत अर्ज करते आहे. तिच्या पहिल्या कच्च्या पत्रात दोन वाक्ये होती: ‘माझा प्रकल्प काळ्या मातीवर होता’ आणि ‘मी १५ दिवसांची इंटर्नशिप केली आहे’. दोन्ही खरी आहेत, पण दोन्हींत वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. हीच वाक्ये उघडून पाहिली, तर त्यांत बरेच काही सापडते.

प्रकल्पात तिने शेतातल्या काळ्या मातीचा फुगीरपणा मोजला होता. आयएस २७२० च्या ४० व्या भागात ही चाचणी आहे. भट्टीत वाळवून ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली १० ग्रॅम माती शंभर मिलिलिटरच्या दोन काचेच्या नळकांड्यांत टाकायची. एकात पाणी भरायचे, दुसऱ्यात केरोसिन. काडीने ढवळून अडकलेली हवा काढायची आणि माती पूर्ण बसू द्यायची. केरोसिनमध्ये चिकणमाती फुगत नाही, पाण्यात फुगते. दोन्हींतल्या घनफळांचा फरक केरोसिनमधल्या घनफळाच्या किती टक्के आहे ते काढले, की फुगीरपणाचा निर्देशांक मिळतो. तो ५० टक्क्यांच्या पुढे गेला, तर माती जास्त फुगणारी समजतात. अशा मातीवर हलके घर उभे केले, तर पावसाळ्यात पाया उचलला जाण्याची आणि उन्हाळ्यात भिंतींना भेगा जाण्याची भीती असते.

तिने सकाळी नळकांडी भरून संध्याकाळी वाचन घेतले तेव्हा पाण्यात १६ मिलिलिटर आणि केरोसिनमध्ये ११ मिलिलिटर माती दिसली. निर्देशांक आला ४५ टक्के. दुसऱ्या दिवशी, चोवीस तास झाल्यावर, पाण्यातली माती १९ मिलिलिटरवर गेली होती, केरोसिनमधली ११ वरच होती. आता निर्देशांक ७३ टक्के झाला. म्हणजे वाचन घाईने घेतले असते, तर तीच माती ५० च्या अलीकडे राहिली असती. तिच्या वहीत दोन्ही वाचने वेळेसह लिहिलेली होती. पत्रात सांगण्यासारखी गोष्ट ही आहे, आणि ती कच्च्या पत्रात नव्हती. आपण काय केले यापेक्षा आपण कुठल्या विषयावर काम केले हेच महत्त्वाचे, असे कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या बहुतेकांना वाटते. नोकरी देणाऱ्याच्या दृष्टीने हा क्रम नेमका उलटा असतो.

इंटर्नशिपचेही तसेच. कृष्णाकाठच्या गाळाच्या जमिनीत एका वसतिगृहासाठी बोअर चालू होते. लॉग कंपनीचा इंजिनिअर लिहीत होता. ती शेजारी उभी राहून स्वतःच्या वहीत ठोके मोजत होती. दुसऱ्या बोअरमध्ये ६ मीटरवर चाचणी घ्यायची होती, तेव्हा रॉड ५.६ मीटरवरच टेकला. इंजिनिअरने चाचणी थांबवून तळ धुवायला लावला. मग ठोके ४, ७, ९ आले. निर्णय तिचा नव्हता, मोजणी तिचीही होती. पत्रात हा फरक जसाच्या तसा यायला हवा. ‘मी चाचणी थांबवली’ असे लिहिणे खोटे, आणि ‘मी हजर होते’ एवढेच लिहिणे अपुरे.

यानंतर येतात त्या व्यावहारिक गोष्टी, ज्या लिहायला उमेदवार संकोचतो आणि ज्या कंपनीला आधी हव्या असतात. महिन्यातले किती दिवस बाहेरगावी राहता येईल, दुचाकीचा परवाना आहे का, मराठी-हिंदी बोलता येते का, रुजू कधी होता येईल. ड्रिलर आणि हेल्पर अनेकदा परप्रांतातले असतात, त्यामुळे कामचलाऊ हिंदी ही इथे खरोखरची पात्रता आहे. मुलींना दूरच्या साइटवर पाठवायला काही कंपन्या कचरतात. तो प्रश्न मुलाखतीत आडून विचारला जाण्यापेक्षा पत्रातच एका ओळीत निकालात काढलेला बरा. त्याच वेळी साइटवर राहण्याची आणि स्वच्छतागृहाची सोय काय असते हे विचारण्याचा तिचा हक्क आहे, आणि चांगली कंपनी त्याचे सरळ उत्तर देते.

कंपनीबद्दलही एखादे वाक्य हवे, पण स्तुतीचे नको. तिच्या संकेतस्थळावरून कळते की ती खाडीकाठची कामे घेते, की रस्ते आणि पुलांची, आणि तिच्या प्रयोगशाळेला एनएबीएलची मान्यता आहे का. नवी मुंबईत खाडीकाठी वर भराव, त्याखाली मऊ समुद्री चिकणमाती आणि त्याखाली खडक अशी जमीन बऱ्याच ठिकाणी मिळते. ही जमीन सांगलीच्या काळ्या मातीपेक्षा अगदी वेगळी. उमेदवाराने ती पाहिलेली नसेल, तर तसे सांगावे. कमी माहिती असणे हा नव्या पदवीधराचा दोष मानला जात नाही.

हे सगळे एकत्र केल्यावर पत्र असे उभे राहते. प्रत्यक्षात ते बहुधा इंग्रजीतून जाते, इथे आशयासाठी मराठीत दिले आहे.

‘विषय: ज्युनिअर जिओटेक्निकल इंजिनिअर पदासाठी अर्ज

माननीय महोदय,

आपल्या कंपनीतील ज्युनिअर जिओटेक्निकल इंजिनिअरच्या जागेसाठी मी अर्ज करीत आहे. मी या वर्षी बीई सिव्हिल उत्तीर्ण झाले असून बोअरवर आणि प्रयोगशाळेत काम करण्याची माझी इच्छा आहे.

अंतिम वर्षाच्या प्रकल्पात मी १ मीटर खोलीवरच्या काळ्या मातीची फुगीरपणाची चाचणी आयएस २७२०, भाग ४० प्रमाणे स्वतः केली. आठ तासांनी घेतलेल्या वाचनावरून निर्देशांक ४५ टक्के आला, चोवीस तासांनंतर ७३ टक्के. प्रकल्पाच्या अहवालात आम्ही दुसरा आकडा धरला आणि पहिला का धरला नाही ते नमूद केले. लिक्विड लिमिट, प्लास्टिक लिमिट आणि चाळणी विश्लेषण या चाचण्याही मी स्वतः केल्या आहेत. ट्रायअॅक्सियल चाचणी फक्त पाहिली आहे.

कृष्णाकाठच्या गाळाच्या जमिनीत १५ दिवसांच्या इंटर्नशिपमध्ये मी दोन बोअरवर हजर होते. लॉग तेथील इंजिनिअर लिहीत होते, मी ठोक्यांची वेगळी नोंद ठेवत होते. एका ठिकाणी ६ मीटरच्या बोअरमध्ये रॉड ५.६ मीटरवर टेकल्यामुळे त्यांनी तळ पुन्हा धुवून घेतला आणि मगच एसपीटी घेतली. चाचणीपूर्वी खोली ताडून पाहणे का आवश्यक आहे हे मला तिथे समजले. खडकातील ड्रिलिंग आणि समुद्री चिकणमाती मी अद्याप पाहिलेली नाही. आपली बरीच कामे खाडीकाठची असल्याने ते शिकण्याची संधी मला हवी आहे.

साइटवर सलग काही आठवडे राहण्याची माझी तयारी आहे. मला मराठी आणि हिंदी चांगले बोलता येते, दुचाकीचा परवाना आहे. निवड झाल्यास १५ दिवसांत रुजू होऊ शकेन. प्रकल्पाचा अहवाल आणि इंटर्नशिपची वही मुलाखतीला सोबत आणीन.

आपली विश्वासू’

या पत्रात ‘मेहनती’, ‘प्रामाणिक’, ‘जिद्दी’ यांपैकी एकही विशेषण नाही. आठ तासांचा आणि चोवीस तासांचा, असे दोन्ही आकडे दिल्यामुळे वाचणाऱ्याला तिची नोंद ठेवण्याची पद्धत दिसते. ‘फक्त पाहिली आहे’ या तीन शब्दांमुळे आधीच्या ओळीतल्या ‘स्वतः केल्या’ या शब्दांवर विश्वास बसतो. आकडे मात्र मोजके हवेत. पानभर चाचण्यांचे निकाल भरले, तर पत्राचा अहवाल होतो आणि तो कोणी वाचत नाही. सॉफ्टवेअरचा उल्लेख पत्रात आलेला नाही, कारण बोअरवर त्याचा उपयोग नाही. तो बायोडेटात असतो.

पाठवताना काही साध्या गोष्टी सांभाळाव्या लागतात. ईमेलच्या विषयात पदाचे नाव आणि स्वतःचे नाव असावे. पत्र आणि बायोडेटा पीडीएफमध्ये जोडावे, फाइलीला स्वतःचे नाव द्यावे. जाहिरातीत संदर्भ क्रमांक दिला असेल, तर तो पत्रात घालावा. कंपनीचे नाव तपासून घ्यावे, कारण दुसऱ्या कंपनीला लिहिलेल्या पत्रात जुने नाव तसेच राहून गेल्याचे प्रकार वारंवार होतात आणि असे पत्र तिथेच बाजूला पडते. आठवडा-दहा दिवसांत उत्तर आले नाही, तर एकदा फोन करून विचारायला हरकत नाही. या व्यवसायात मोठा कामाचा ठेका मिळाला की माणसे एकदम लागतात, त्यामुळे बाजूला ठेवलेला अर्ज महिन्याभराने वर येतो असेही घडते.

मुलाखतीतले प्रश्न बहुतेक पत्रातूनच निघतात. वरच्या पत्रावर ज्येष्ठ इंजिनिअर विचारील की केरोसिनच का वापरले, गाळावरच चाचणी घेतली असती तर एन कमी आला असता की जास्त, आणि लॉगमध्ये १६ लिहायचे की ४, ७, ९. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आहे तिन्ही आकडे. बेरीज, खोलीप्रमाणे करायची दुरुस्ती आणि पुढचे गणित ऑफिसात होते. कागदावर मूळ आकडे नसतील, तर तीनही टप्पे सारखे होते की मध्येच दगड लागला होता, हे नंतर कळत नाही. नळी पूर्ण आत गेलीच नाही, तर किती ठोक्यांत किती सेंटिमीटर गेली तेही लिहावे लागते, उदाहरणार्थ ५० ठोक्यांत ८ सेंटिमीटर. खडकाबद्दल विचारले, तर ‘पाहिलेला नाही’ हे पत्रात आधीच लिहिलेले असल्याने तिला अडखळावे लागत नाही. तिथे बोर्डावर दीड मीटरचा एक ड्रिलिंग टप्पा काढून, त्यातून मिळालेल्या खडकाच्या तुकड्यांची लांबी देऊन आरक्यूडी काढायला सांगतात. १० सेंटिमीटर किंवा त्याहून लांब तुकड्यांची बेरीज ७५ सेंटिमीटर असेल, तर उत्तर ५० टक्के. पुस्तकी तयारी तपासण्याची ही योग्य जागा आहे, पत्र नव्हे.

अर्ज करणाऱ्यांनी म्हणूनच कॉलेजातल्या प्रयोगशाळेची वही आणि साइटवर लिहिलेले कच्चे कागद निकालानंतर रद्दीत घालू नयेत. पत्रातले प्रत्येक वाक्य त्यांच्याशी ताडून पाहावे, आणि वहीत ज्याचा आधार सापडत नाही ते वाक्य खोडून टाकावे.